सोलर बसवून झाल्यावर आयसोलेटर, एसपीडी आणि अर्थिंग कसं तपासायचं: छतापासून मीटरपर्यंत

२०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅट आणि त्यापुढच्या सिस्टिमला ७८ हजार सबसिडी म्हटल्यावर गल्लोगल्ली सोलरवाले झाले आणि कोटेशनची मारामारी सुरू झाली. कोटेशनमध्ये पॅनल कुठल्या कंपनीचं, इन्व्हर्टर कुठला, वॉरंटी किती हे सगळं ठळक अक्षरात असतं आणि सगळ्यात खाली एक ओळ असते, "एसीडीबी, डीसीडीबी, अर्थिंग किट, एलए सहित". भाव पाडायचा झाला की कात्री लागते ती नेमकी याच ओळीला. पॅनल एक कमी लावलं तर गिऱ्हाईक मोजून भांडतं, जमिनीत रॉड ३ मीटरचा गेला का १ मीटरचा हे कोण बघायला जातं.

म्हणून हा लेख त्या एका ओळीवर. डीसीडीबी आणि एसीडीबी म्हणजे इन्व्हर्टरच्या आधीचा डीसी आणि नंतरचा एसी डबा, त्यांत आयसोलेटर म्हणजे लाइन तोडायचा स्विच आणि एसपीडी म्हणजे विजेची उसळी अर्थकडे वळवणारा भाग असतो. उदाहरण म्हणून नाशिकमधलं एक साधं घर घेऊ, तळमजला अधिक एक, आरसीसी स्लॅब, वर ५४० वॅटची १० पॅनल एकाच स्ट्रिंगमध्ये म्हणजे एकापाठोपाठ एक जोडलेली, खाली जिन्याजवळ ५ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर, छतावरून इन्व्हर्टरपर्यंत केबल साधारण १८ मीटर. अशा पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज ४९.५ व्होल्टच्या आसपास असतं, म्हणजे १० पॅनलचे ४९५ व्होल्ट डीसी. शॉर्ट सर्किट करंट १३.९ अँपिअर आणि चालताना मिळणारा करंट १३ च्या आसपास. हे आकडे पॅनलच्या मागच्या स्टिकरवर असतात, तुमच्या पॅनलचे तिथूनच घ्या. पुढे पुन्हा पुन्हा लागणार आहेत.

पायरी १: आधी जमीन

महावितरणकडे कागद जाताना ३ वेगवेगळ्या अर्थिंग दाखवायची पद्धत आहे, एक डीसी बाजूची (पॅनलच्या फ्रेम, स्ट्रक्चर, डीसी एसपीडी), एक एसी बाजूची (इन्व्हर्टर बॉडी, एसीडीबी) आणि तिसरी एलएची म्हणजे लाइटनिंग अरेस्टरची. ३ खड्डे घ्यायलाच हवेत, त्यात काटकसर करू देऊ नका, पण खड्ड्यांचा आकडा बरोबर आला म्हणजे अर्थिंग झालं असं नाही.

नाशिक, पुणे, नगर या पट्ट्यात वर दीड-दोन फूट माती आणि खाली मुरूम, मग काळा पाषाण. रॉड हातोड्याने ठोकला की दोन-तीन फुटांवर अडकतो, मग मजूर काय करतो तर वरचा भाग कापतो आणि वर चेंबरचं झाकण ठेवून देतो. बाहेरून काहीच कळत नाही. रॉड टाकताना तिथे उभं राहा, शक्य नसेल तर रॉड आत जातानाचे फोटो लांबी दिसेल असे मागा. खडक लागत असेल तर छोट्या मशीनने बोअर मारून घ्यायचं, त्यात रॉड सोडायचा आणि भोवती बेंटोनाइटसारखी ओल धरणारी पावडर पाण्यात कालवून भरायची. कोकणात जांभा असतो, त्यात पाणी टिकत नाही, तिथेही हीच पद्धत. काळ्या मातीत पावसाळ्यात रीडिंग फार छान येतं पण मे महिन्यात जमिनीला भेगा पडतात आणि रॉडभोवतीची माती सुटते, त्यामुळे ऑगस्टमध्ये घेतलेल्या रीडिंगवर खूश होऊ नका, खरं रीडिंग एप्रिल-मेचं.

रीडिंग किती पाहिजे तर ५ ओहमच्या आत हा आपल्याकडे चालणारा आकडा. एका रॉडला ९ ओहम आले तर त्याच रॉडभोवती मीठ-कोळसा ओतत बसण्यापेक्षा रॉडच्या लांबीइतकं तरी अंतर सोडून दुसरा रॉड टाका आणि दोन्ही जमिनीखालून पट्टीने जोडा. बरोबर अर्धं होत नाही पण ५ च्या आसपास येतं. दोन रॉड फूटभर अंतरावर टाकले तर जवळजवळ काहीच फायदा नाही, कारण दोघं तीच माती वापरतात.

आता मोजायचं कशाने. वायरमन लोकांची आवडती टेस्ट म्हणजे फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावायचा, लख्ख पेटला की "साहेब अर्थिंग एक नंबर". या टेस्टला काही अर्थ नाही. चालू बल्बचा स्वतःचा रेझिस्टन्स ५०० ओहमच्या वर असतो, त्याच्यापुढे अर्थिंगचे ५० ओहम असले तरी बल्ब जेमतेम थोडा मंद होणार, डोळ्याला फरक कळायचा नाही. म्हणजे १० पट खराब अर्थिंगसुद्धा यात पास होतं, शिवाय अर्थच्या वायरवर जाणूनबुजून करंट सोडायचा हा प्रकार मुळात धोक्याचा. खरी टेस्ट अर्थ टेस्टरने, ३ खुंट्यांची. रॉड ३ मीटरचा असेल तर एक खुंटी ३० मीटर लांब आणि मधली साधारण १८-१९ मीटरवर, आणि मोजताना सिस्टिम बंद करून तो खड्डा वायरपासून सोडवलेला. मधली खुंटी मीटरभर पुढेमागे करून परत मोजायचं, आकडा फारसा हलला नाही तर रीडिंग खरं. प्लॉट छोटा असला की एवढी जागा मिळत नाही, मग रस्त्याच्या कडेने ओढा. क्लॅम्पसारखा मीटर नुसता वायरभोवती अडकवून दाखवत असतील तर त्याला करंट फिरायला बंद लूप लागतो, एकट्या सुट्या खड्ड्यावर त्याचं रीडिंग धरू नका.

पायरी २: ३ खड्डे, पण जोडलेले की सुटे?

यावर वायरमन, व्हेंडर आणि इन्स्पेक्टर यांचं एकमत मी तरी बघितलेलं नाही. बरेच जण ठामपणे सांगतात की तिन्ही अर्थ पूर्ण वेगळे पाहिजेत, एकमेकांना चिकटले तर वीज घरात येईल. ऐकायला पटतं. पण जरा हिशोब करून बघा. जवळपास वीज पडली आणि डीसी खड्ड्यात समजा ५,००० अँपिअर गेले. खड्डा ५ ओहमचा, म्हणजे तुमचा एक नंबर अर्थ. ५,००० गुणिले ५ म्हणजे त्या खड्ड्याची वायर त्या क्षणापुरती २५,००० व्होल्टवर चढली. आता पॅनलची फ्रेम आणि डीसी एसपीडी या वायरवर आहेत आणि इन्व्हर्टरची बॉडी एसी खड्ड्यावर, जो अजून शून्याच्या आसपास आहे. हा सगळा फरक कुठे येणार? इन्व्हर्टरच्या आत, एका बोर्डवर. एसपीडी लावलेला असूनही इन्व्हर्टर जातो त्यातल्या बऱ्याच केसेस अशाच असतात, आणि मग "एसपीडी लोकल होता" म्हणून त्याच्यावर खापर फुटतं.

दोन्ही एकत्र जोडलेले असते तर फ्रेम, एसपीडी, इन्व्हर्टर बॉडी सगळं एकदमच वर चढलं असतं आणि एकदमच उतरलं असतं, मध्ये फरकच नाही तर जळणार काय. म्हणून करायचं असं की इन्व्हर्टरशेजारी भिंतीवर तांब्याची एक अर्थ बार लावायची, इन्व्हर्टर बॉडी, डीसीडीबी, एसीडीबी, स्ट्रक्चरवरून आलेली अर्थ वायर आणि घराची मूळ अर्थिंग सगळी त्या बारवर आणायची, आणि बारपासून डीसी आणि एसी दोन्ही खड्ड्यांना वायर जायची. खड्डे ३ चे ३ राहतात, कागदही बरोबर राहतो.

एलएचं काय? त्याची खाली उतरणारी पट्टी मात्र घराच्या बाहेरून, सरळ, काटकोनात न मोडता, डीसी केबलपासून लांब न्यायची आणि स्वतःच्या खड्ड्यात घालायची. ती इन्व्हर्टरच्या बारवर कधीच आणायची नाही. एलएचा खड्डा बाकी खड्ड्यांना जमिनीखालून जोडावा असंच वीज संरक्षणाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड सांगतं आणि मलाही ते पटतं, पण तुमच्याकडचा इन्स्पेक्टर अडून बसला तर निदान एसी-डीसीची जोडणी तरी सोडू नका. एलएचा दांडा पॅनलपासून मीटरभर तरी लांब, सावली पडणार नाही अशा बाजूला म्हणजे शक्यतो उत्तरेला, आणि इतका उंच की टोकापासून ४५ अंशांत खाली रेघ मारली तर सगळी पॅनल आत यावीत. रांग लांब असेल तर एका दांड्यात भागत नाही, दोन लावा.

पायरी ३: फ्रेमची अर्थिंग

स्ट्रक्चरला अर्थ दिला, पॅनल स्ट्रक्चरवर बोल्टने आवळलं, मग पॅनलला अर्थ आपोआप मिळाला, असं समजून पुष्कळ ठिकाणी फ्रेमला वायरच नसते. पण अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर अॅनोडायझिंगचा थर असतो आणि तो इन्सुलेटर आहे. मल्टिमीटरचे टोक हलकेच फ्रेमला टेकवून बघा, बऱ्याचदा कंटिन्युइटी दाखवतच नाही, खरवडल्यावर दाखवतो. त्यामुळे एक तर क्लॅम्पखाली दातेरी अर्थिंग क्लिप पाहिजे जी तो थर फोडून आत रुतते, नाहीतर प्रत्येक फ्रेमला जे अर्थचं भोक दिलेलं असतं तिथून दातेरी वॉशर आणि लग लावून हिरवी-पिवळी ४ किंवा ६ स्क्वेअर एमएमची वायर. वायर अशी फिरवायची की उद्या एक पॅनल बदलायला काढलं तर पुढच्या पॅनलचा अर्थ तुटायला नको.

लग टिनचा मुलामा दिलेले आणि नटबोल्ट स्टेनलेसचे घ्या. उघडं तांबं थेट अॅल्युमिनियमला लागलं आणि वर ओल आली की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी पूड दिसायला लागते. रत्नागिरी-मालवण-गोव्याच्या बाजूला खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं. तपासणी सोपी आहे, सगळ्यात लांबच्या पॅनलची फ्रेम ते खालची अर्थ बार, लांब वायर सोडून ओहममध्ये मोजायचं, मीटरच्या स्वतःच्या वायरचा रेझिस्टन्स वजा करून १ ओहमच्या आत आलं पाहिजे.

पायरी ४: केबल आणि आयसोलेटर

केबल टाकताना एक गोष्ट फुकट करता येते आणि हमखास विसरली जाते. स्ट्रिंगचा प्लस आणि मायनस दोन्ही शेजारी शेजारी न्यायचे. पॅनलच्या रांगेच्या एका टोकातून प्लस आणि दुसऱ्या टोकातून मायनस काढून दोन वेगळ्या पाइपातून खाली आणला की मध्ये मोठा लूप तयार होतो, आणि शे-दोनशे मीटरवर वीज पडली तरी त्या लूपमध्ये व्होल्टेज उमटतं. लूप जितका मोठा तितकं जास्त. एका टोकाची वायर पॅनलच्या खालून परत आणून दोन्ही एकत्र उतरवली की एसपीडीवर येणारा बराच भार आधीच कमी होतो, खर्च काय तर १०-१२ मीटर जास्तीची केबल.

आता आयसोलेटर. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी त्या शून्यावर आपोआप विझते. डीसीला शून्य नाही. ४९५ व्होल्ट डीसीवर १३ अँपिअर चालू असताना साधा एसी एमसीबी उघडला तर आत आर्क तसाच जळत राहू शकतो, प्लास्टिक वितळतं, डबा पेटतो. डीसीडीबी उघडून आतल्या स्विचवरचं छापील वाचा, डीसी व्होल्टेज लिहिलेलं पाहिजे आणि ते थंडीतल्या सर्वात जास्त व्होल्टेजपेक्षा वर पाहिजे. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटे ८ अंश सहज होतं, पॅनलचं व्होल्टेज २५ अंशांच्या खाली दर अंशाला साधारण ०.२७ टक्के वाढतं, म्हणजे १७ अंशांचे ४.६ टक्के, ४९५ चे ५१८ व्होल्ट झाले. ६०० व्होल्टचा आयसोलेटर इथे चालेल, पण मला विचाराल तर १००० चा घ्या. काही स्वस्त डीसी एमसीबींवर प्लस-मायनसची खूण असते, म्हणजे ते एकाच दिशेला आर्क विझवतात, उलटे जोडले तर दिसायला सगळं ठीक आणि बंद करायच्या वेळी आग. खूण नसलेला, दोन्ही दिशांना चालणारा घ्या किंवा सरळ फिरवायच्या मुठीचा डीसी आयसोलेटर.

इथे एक गैरसमज काढून टाकू, की डीसी बाजूला शॉर्ट झाला तर एमसीबी किंवा फ्यूज उडेल. उडणार नाही. पॅनल शॉर्ट केलं तरी ते १३.९ अँपिअरच देतं आणि रोज चालताना १३ देतंच आहे, मग १५ किंवा २० अँपिअरच्या फ्यूजला फरक कळणार कसा. स्ट्रिंग फ्यूजचं काम ३ किंवा जास्त स्ट्रिंग एकत्र जोडल्या की सुरू होतं, जिथे बाकीच्या स्ट्रिंगचा करंट खराब स्ट्रिंगमध्ये उलटा घुसतो. आपल्या एका स्ट्रिंगच्या घरात फ्यूज फक्त एक जास्तीचा सांधा आहे. आणि चालू लोडवर तो फ्यूज होल्डर ओढून "आयसोलेट" करणारे लोक मी पाहिलेत, तसंच चालू असताना पॅनलच्या वायरी जोडणारा एमसी४ कनेक्टर उपटणारेही. दोन्ही कधीच करायचं नाही.

म्हणून बंद करायचा क्रम पाठ करून ठेवा. आधी एसी बाजूचा स्विच बंद. ग्रिड गेल्याचं कळताच इन्व्हर्टर लगेच करंट ओढायचं थांबवतो, त्यामुळे नंतर डीसी आयसोलेटर उघडला तर त्यातून काही वाहतच नसतं, आर्क नाही काही नाही. मग कव्हर उघडायच्या आधी ५ ते १० मिनिटं थांबायचं, आत कपॅसिटर भरलेले असतात, नेमका वेळ इन्व्हर्टरवर लिहिलेला असतो. आणि हे सगळं केल्यावरही छतापासून आयसोलेटरपर्यंतच्या केबलवर ऊन आहे तोवर ४९५ व्होल्ट असतातच, ते कुठल्याही बटणाने जात नाहीत. घरातल्या सगळ्यांना हा क्रम माहीत पाहिजे, इन्व्हर्टरशेजारी मराठीत लिहून चिकटवा.

छतावर पण एक आयसोलेटर लावून घेऊ का असं लोक विचारतात. ऑस्ट्रेलियात २०१२ च्या नियमांनी छतावरचा आयसोलेटर सक्तीचा केला होता, आणि मग त्याच डब्यांत पाणी शिरून आगी लागायला लागल्या, शेवटी २०२१ च्या आवृत्तीत सक्ती सैल केली. आपलं ऊन आणि पाऊस दोन्ही त्यांच्यापेक्षा दयाळू नाहीत. एका स्ट्रिंगच्या घराला इन्व्हर्टरजवळचा एक चांगला आयसोलेटर पुरतो. जर छतावर डबा बसवलाच तर सावलीत, केबल खालूनच आत, प्रत्येक केबलला ग्लँड, आणि वरच्या बाजूला एकही भोक नाही.

पायरी ५: एसपीडी

एसपीडी म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस. नेहमी तो गप्प असतो, व्होल्टेज एका मर्यादेपलीकडे उसळलं की काही मायक्रोसेकंदांसाठी तो लाइनला अर्थकडे वाट करून देतो आणि परत गप्प. घरगुती कामात टाइप २ लावतात, तो लांब पडलेल्या विजेने केबलमध्ये उमटलेल्या उसळीसाठी. घरावर थेट वीज पडली तर टाइप २ टिकत नाही. जिथे एलए बांधकामाला किंवा स्ट्रक्चरला चिकटून आहे, अंतर ठेवताच येत नाही, तिथे टाइप १+२ घ्यावा लागतो आणि तो महाग असतो.

डीसी एसपीडी निवडताना स्ट्रिंगच्या ओपन सर्किट व्होल्टेजच्या १.२ पट धरा. ४९५ × १.२ = ५९४, म्हणजे ६०० चा एसपीडी काठावर बसला. उद्या तुम्ही ११ वं पॅनल वाढवलं तर ५४४.५ × १.२ = ६५३, आता तो ६०० वाला लहान पडला. पॅनल वाढवताना हा विचार कुणीच करत नाही. आत ३ कप्पे असतात, प्लस, मायनस आणि अर्थ, आणि वर छोटी खिडकी, हिरवी म्हणजे ठीक, लाल म्हणजे गेला.

केबल १० मीटरपेक्षा लांब असेल तर एसपीडी दोन्ही टोकांना हवा, एक पॅनलजवळ आणि एक इन्व्हर्टरजवळ. आपली केबल १८ मीटर आहे म्हणजे दोन लागतील. बजेटमध्ये एकच बसत असेल तर तो इन्व्हर्टरजवळ लावा, कारण महाग वस्तू तिथे आहे.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट, एसपीडीच्या वायरची लांबी. सर्जचा करंट इतक्या झपाट्याने चढतो की सरळ तांब्याची वायरसुद्धा अडवते, ठोकताळा असा की १० किलोअँपिअरला मीटरमागे साधारण १,००० व्होल्ट पडतात. एसपीडीवर छापलेलं संरक्षण व्होल्टेज समजा २.५ किलोव्होल्ट आहे. त्याला लाइनकडून आणि अर्थकडून मिळून दीड मीटर वायर लावली, वर ती छान गोल गुंडाळून टाय मारून ठेवली, तर इन्व्हर्टरला दिसणार २.५ अधिक १.५ म्हणजे ४ किलोव्होल्ट. महागडा एसपीडी घेतला आणि वायरने त्याची किंमत घालवली. दोन्ही बाजूंची मिळून लांबी अर्ध्या मीटरच्या आत पाहिजे, सरळ, वेटोळं न करता, जाडी ६ स्क्वेअर एमएमच्या खाली नाही.

पण खड्डा तर १२ मीटर लांब आहे, मग अर्धा मीटर जमणार कसा? इथेच ती भिंतीवरची बार कामाला येते. एसपीडीची अर्थ वायर त्या बारवर, इन्व्हर्टर बॉडीची वायर त्याच बारवर, दोन्ही छोट्या. बारपासून खड्ड्यापर्यंतच्या १२ मीटरमध्ये भले १२,००० व्होल्ट पडू देत, ते इन्व्हर्टरच्या आरपार येत नाहीत, सगळी बारच तेवढी वर जाते. याउलट एसपीडीची वायर बार सोडून थेट डीसी खड्ड्याकडे गेली असेल तर ते १२,००० इन्व्हर्टरच्या बॉडी आणि डीसी टर्मिनलमध्ये येऊन बसतात. डीसीडीबीमधली हिरवी वायर हाताने माग काढत जा, कुठे जाते बघा, या एका तपासणीत बरंच काही कळतं.

पायरी ६: एसी बाजू

५ किलोवॅट सिंगल फेजला करंट येतो ५,००० भागिले २३० म्हणजे २१.७ अँपिअर, ३२ चा एमसीबी लावतात, ठीक आहे. एसी एसपीडी २७५ ऐवजी ३२० व्होल्टचा घ्या, विशेषतः ट्रान्सफॉर्मर जवळ असेल किंवा गावाकडे असाल तर, दुपारी सगळ्यांची सोलर चालू झाली की व्होल्टेज २५५-२६० दाखवतं. फेज ते न्यूट्रल एक मॉड्युल आणि न्यूट्रल ते अर्थ वेगळ्या प्रकारचं मॉड्युल अशी जोडी घ्यायची. हेही लक्षात ठेवा की खांबावर न्यूट्रल तुटून ४०० व्होल्ट आले तर एसपीडी वाचवत नाही, तो मायक्रोसेकंदांसाठी बनलाय, मिनिटभर ४०० व्होल्ट बसले तर स्वतः जळतो.

आणि आरसीसीबी, म्हणजे अर्थकडे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. घराच्या अर्थिंगला ५ ओहम असताना फेज बॉडीला लागला तर जास्तीत जास्त ४६ अँपिअर वाहणार (२३० भागिले ५), आणि ३२ अँपिअरच्या सी कर्व्ह एमसीबीला झटक्यात पडायला १६० च्या वर लागतात. म्हणजे उत्तम अर्थिंग असूनही एमसीबी झटक्यात पडत नाही, बॉडीत करंट खेळत राहतो. आरसीसीबी हवाच. पण घराच्या जुन्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीच्या पुढे इन्व्हर्टर जोडला तर पावसाळ्यात ओल्या पॅनलमधून होणाऱ्या बारीक लीकेजने तो सारखा पडतो, मग वायरमन वैतागून तो बायपास करतो आणि अख्ख्या घराचं संरक्षण जातं. सोलरची लाइन त्या आरसीसीबीच्या आधी, मेन स्विचपाशी जोडा आणि तिला स्वतःचा, इन्व्हर्टरच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेला, सहसा टाइप ए १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा, वेगळा द्या.

पायरी ७: पहिल्या पावसात येणारा फॉल्ट

जूनमध्ये फोन सुरू होतात, सकाळी इन्व्हर्टरवर `ISO Fault` किंवा `PV Isolation Low` येतं, १० वाजता आपोआप चालू होतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरमध्ये प्लस किंवा मायनस कुणीच अर्थला जोडलेलं नसतं, आणि रोज सकाळी सुरू होण्याआधी इन्व्हर्टर दोन्ही वायरींचं अर्थपासूनचं इन्सुलेशन मोजतो. कमी दिसलं तर सुरू होत नाही. म्हणजे कुठेतरी केबल सोलली गेलीय, एमसी४ मध्ये पाणी आहे, किंवा केबल स्लॅबवर लोळतेय आणि पाण्यात बसलीय. ऊन आलं, वाळलं, सुरू झालं. "आपोआप होतंय ना" म्हणून सोडू नका, आणि कुणी यावर उपाय म्हणून अर्थची वायर काढून टाकत असेल तर त्याला घरी पाठवा.

जागा शोधायची युक्ती अशी, हे काम १००० व्होल्टचा मीटर आणि हातमोजे असलेल्या माणसाचंच आहे. एसी बंद, डीसी बंद, मग इन्व्हर्टरकडून स्ट्रिंगची दोन्ही टोकं सुटी करून सकाळी ओल असतानाच मोजायचं. प्लस ते मायनस समजा ४८० व्होल्ट आले, म्हणजे पॅनलमागे ४८. आता प्लस ते अर्थ आणि मायनस ते अर्थ. इन्सुलेशन चांगलं असेल तर दोन्ही आकडे कुठेच ठरत नाहीत, हळूहळू उतरत जातात. पण प्लस ते अर्थ १४४ वर आणि अर्थ ते मायनस ३३६ वर ठाम बसले तर १४४ भागिले ४८ म्हणजे ३, प्लसकडून तिसऱ्या आणि चौथ्या पॅनलच्या मधल्या जोडावर जा. १० पॅनल उचकटायची गरज नाही. आकडा शून्य आला म्हणजे प्लस ते अर्थ काहीच नाही, तर दोष पॅनलमध्ये नसून प्लसच्या उतरत्या केबलमध्ये आहे.

शोधायच्या आधी एसपीडीचे कार्ट्रिज उपसून बघा, कारण अर्धवट मेलेला एसपीडीसुद्धा अर्थकडे गळती करतो आणि हाच फॉल्ट दाखवतो. इन्सुलेशन मोजायचा मेगर लावायचा असेल तरी कार्ट्रिज काढूनच, नाहीतर रीडिंग खोटं येतं. कार्ट्रिज काढतानाही आधी एसी, मग डीसी हाच क्रम, आणि डीसीडीबीत एसपीडी आयसोलेटरच्या छताकडच्या बाजूला जोडलेला असेल तर दिवसा त्याच्या टर्मिनलवर पूर्ण व्होल्टेज असतं हे विसरू नका.

वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि दिवाळीच्या सुमारास, एसपीडीच्या खिडक्या बघा, प्रत्येक मोठ्या कडकडाटानंतरही बघा. लाल झाली तर इन्व्हर्टर चालूच राहतो, त्यामुळे युनिट कमी होत नाहीत आणि कुणाला पत्ता लागत नाही. फक्त कार्ट्रिज बदलता येतं, तेच व्होल्टेज लिहिलेलं घ्यायचं. त्याच वेळी डीसीडीबीच्या डब्यावर तळहात ठेवून बघा, भर दुपारी सावलीतला डबा एका कोपऱ्यात जास्त गरम लागत असेल तर आत स्क्रू सैल आहे, ऊन गेल्यावर एसी-डीसी बंद करून टर्मिनल आवळून घ्या, तांब्याचा रंग काळपट झाला असेल तर तेवढं टोक कापून नवीन लग मारा. व्हेंडरला शेवटचा हप्ता देण्याआधी ३ खड्ड्यांची तारखेसकट रीडिंग, रॉडचे फोटो आणि एसपीडी-आयसोलेटरवरच्या छापील पट्टीचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागून घ्या, नंतर क्लेमच्या वेळी इन्व्हर्टर कंपनी अर्थिंगचे फोटोच आधी मागते.